पाणीटंचाई नको, पाणी आल्याची वेळ लिहा

वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांमध्ये पाण्याची तक्रार वर्षभर येते, एप्रिल-मेमध्ये जरा जास्त. मजकूर बहुतेक ठरलेला असतो. 'आमच्या वसाहतीत गेल्या काही महिन्यांपासून पाणीपुरवठा अत्यंत अनियमित आहे. रहिवाशांचे अतोनात हाल होत आहेत. वारंवार तक्रार करूनही प्रशासन दखल घेत नाही. तरी संबंधितांनी त्वरित लक्ष घालावे.' यातलं एकही वाक्य खोटं नसतं. लिहिणाऱ्याच्या घरी खरंच बादल्या रांगेत लावलेल्या असतात. पण ज्या अभियंत्याने हे वाचून काही करायचं, त्याला यात करण्याजोगं काहीच सापडत नाही. पाणी उशिरा येतं, की कमी दाबाने येतं, की लवकर जातं? रोज, की अधूनमधून? एकाच इमारतीत, की सगळ्या गल्लीत? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील, तर अशा पत्राला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: तलावांमध्ये साठा कमी आहे, नागरिकांनी पाणी जपून वापरावं.

संपादकांना लिहिलेलं लहानसं पत्र हे आजही वसाहतीच्या हातातलं चांगलं साधन आहे, असं मी ठामपणे मानतो. मात्र 'अनियमित' या शब्दाच्या जागी दोन-तीन मोजलेले आकडे आणि एक-दोन नेमक्या मागण्या आल्या, तरच ते चालतं. आणि हे आकडे मिळवायला यंत्र लागत नाही. सोसायटीचा पाण्याचा मीटर, एक घड्याळ आणि एक वही एवढं पुरतं.

मुंबईत पाणी अनियमित का होतं, हे आधी पाहू. शहराला सात तलावांतून पाणी मिळतं: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. बहुतेक पाणी ठाणे जिल्ह्यातून आणि त्याच्याही पलीकडून जलवाहिन्यांनी येतं, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं आणि शहरभरच्या टेकड्यांवरच्या सेवा जलाशयांत भरलं जातं. इथपर्यंतचा प्रवास चोवीस तास चालू असतो. तिथून पुढे मात्र पाणी पाळीपाळीने सुटतं. जलाशयाखालचा प्रदेश झोनमध्ये वाटलेला असतो. एका झोनचा व्हॉल्व्ह उघडायचा, ठरलेले तास पाणी द्यायचं, तो बंद करायचा आणि पुढच्या झोनचा उघडायचा. हे काम चावीवाले करतात. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसवायची आणि आडव्या मुठीला धरून फेरे द्यायचे. मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडत नाहीत, कारण पाण्याचा धक्का बसून जुना जोड निखळू शकतो.

म्हणजे तुमच्या नळाला पाणी किती वाजता येणार, हे तलावातल्या पातळीपेक्षा या फेरीवर जास्त अवलंबून असतं. आधीच्या झोनचा व्हॉल्व्ह बंद व्हायला उशीर झाला, चेंबरच्या झाकणावर कोणी टेम्पो उभा करून ठेवला, फेरीवरचा एक माणूस रजेवर गेला, की पुढच्या झोनची वेळ सरकते. बंद करायची वेळ मात्र सहसा सरकत नाही, कारण त्यापुढचा झोन वाट पाहत असतो. या दोहोंच्या मध्ये जी वसाहत सापडते तिचं पाणी जातं, आणि तिथे बोलण्याचा विषय मात्र तलावांचा होतो.

म्हणून पहिलं काम वहीचं. सोसायटीच्या फाटकाजवळ जमिनीतल्या खोबणीत मीटर असतो. त्यावरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात. एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. बोलताना आपण त्यालाच युनिट म्हणतो. लाल आकडे किंवा लहान तबकड्या त्याखालचे लिटर दाखवतात. पाणी यायच्या आधी एकदा आणि पाणी गेल्यावर एकदा, असे दोन आकडे लिहायचे. शेजारी पाणी सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ. रात्रपाळीच्या वॉचमनला पहिल्या दिवशी उभं राहून शिकवलं तर तो हे नीट करतो. सात दिवस पुरेत, चौदा असतील तर उत्तम.

सुरू झाल्याची वेळ ठरवताना एक काळजी घ्यायची. पाण्याच्या वेळा सोडून लाईन रिकामी असते. व्हॉल्व्ह उघडला की आधी आत कोंडलेली हवा पुढे रेटली जाते आणि त्या हवेनेही मीटरचा काटा फिरतो. म्हणून काटा फिरू लागला म्हणजे पाणी आलं असं धरू नये. खालच्या टाकीत धार पडू लागल्याचा आवाज हीच खरी वेळ.

एक उदाहरण घेऊ, पूर्व उपनगरातल्या एखाद्या साध्या वसाहतीत बसेल असं. 48 सदनिका, घरटी सरासरी पाच माणसं, म्हणजे 240 रहिवासी. इमारतीत राहणाऱ्या माणसाला दिवसाला 135 लिटर हे माप नियोजनात नेहमी धरतात. त्या हिशेबाने वसाहतीची गरज 32,400 लिटर, म्हणजे साधारण साडेबत्तीस युनिट. पाण्याची वेळ पहाटे साडेपाच ते आठ, अडीच तास.

आठवड्याच्या नोंदी अशा आल्या असं समजा. सोमवारी 33 युनिट, मंगळवारी 31, बुधवारी 14, गुरुवारी 32, शुक्रवारी 12, शनिवारी 30 आणि रविवारी 16. एकूण 168, सरासरी 24. माणशी शंभर लिटर. कोणी ही नुसती सरासरी पत्रात लिहिली, तर वाचणाऱ्याला वाटेल की वसाहतीला रोज थोडं थोडं कमी पाणी येतं. खरी गोष्ट तशी नाही. चार दिवस पाणी गरजेइतकं किंवा त्याच्या अगदी जवळ आहे आणि तीन दिवस अर्ध्याहून कमी. तक्रार अपुऱ्या पाण्याची नाही, अनियमित पाण्याची आहे. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आता वेळांचा रकाना पाहू. चांगल्या चार दिवशी धार साडेपाचला पडली. बुधवारी 6.40 ला, शुक्रवारी 6.50 ला आणि रविवारी 6.30 ला. बंद मात्र सातही दिवस आठ वाजता. सोमवारी 150 मिनिटांत 33 युनिट, म्हणजे मिनिटाला 220 लिटर. बुधवारी 80 मिनिटांत 14 युनिट, म्हणजे मिनिटाला 175. बुधवारी वेग थोडा कमी दिसतो, पण सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं गल्लीची लाईन भरण्यातच जातात आणि तेव्हा धार बारीक असते. अडीच तासांत ती मिनिटं जाणवत नाहीत, 80 मिनिटांत जाणवतात. एकदा लाईन भरली की धार जवळपास सोमवारसारखीच आहे. म्हणजे दाब ठीक आहे आणि जाणारं पाणी उशिरामुळे जातं. व्हॉल्व्ह त्या तीन दिवशी तासभर किंवा त्याहून अधिक उशिरा उघडला आणि बंद मात्र वेळेवर झाला. पत्राचा विषय इथेच सापडला.

वहीतलं चित्र वेगळं असतं तर पत्रही वेगळं झालं असतं. समजा धार रोज साडेपाचलाच पडते, पण युनिट मात्र 14 च्या आसपास. मग प्रश्न दाबाचा किंवा अडथळ्याचा. अशा वेळी शेजारच्या दोन सोसायट्यांना विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नये. त्यांना पूर्ण पाणी येत असेल तर दोष तुमच्या जोडणीत आहे. मीटरच्या आधी असलेल्या जाळीत गाळ आणि गंजाचे पापुद्रे साचतात. जुन्या जीआय पाईपचं आतलं तोंड गंजाने चढत जाऊन करंगळीएवढं उरतं. मुख्य लाईनवर जिथे जोडणी घेतली आहे ते भोकही अर्धं बुजतं. शेजाऱ्यांनाही कमी येत असेल, तर लाईनला कुठे तरी गळती आहे किंवा वरच्या अंगाला कोणी थेट लाईनला मोटर लावून पाणी ओढतंय. लाईनवर मोटर लावायला बंदी आहे, तरी ती लागते. ज्या गल्लीत एक लावतो तिथे महिन्याभरात चौघांना लावावी लागते, आणि सगळ्यात शेवटच्या इमारतीच्या नळातून नुसती हवा येते. इथे वसाहतीने आधी आपल्या पंपाची खात्री करून घ्यावी. त्याचा सक्शन पाईप खालच्या टाकीतच उतरला आहे ना, लाईनला तर जोडलेला नाही ना, हे पाहूनच दुसऱ्याकडे बोट दाखवावं.

तिसरी शक्यता वसाहतींना मान्य करायला जड जाते, पण ती नेहमी तपासावी. मीटरवर रोज 33 युनिट पडतात आणि तरीही चौथ्या मजल्यावर पाणी नाही. अशा वेळी महापालिकेने पाणी दिलेलं आहे, ते आवारात हरवतंय. खालच्या टाकीचं माप घ्या. टाकी आतून 4 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद असेल, तर पाणी 10 सेंटिमीटर चढलं म्हणजे 1,200 लिटर आले. पंप बंद ठेवून, धार नीट सुरू झाल्यावर अर्धा तास मोजा. मिनिटाला 220 लिटरच्या हिशेबाने पाणी 55 सेंटिमीटर चढायला हवं. मीटर साडेसहा युनिट दाखवतोय आणि टाकी 30 सेंटिमीटरच चढली, तर मीटर आणि टाकी यांच्यामधला जमिनीतला पाईप फुटला आहे. खात्रीसाठी टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून मीटरकडे पाहायचं. काटा फिरतच राहिला तर शंका उरत नाही. त्या फुटक्या पाईपमधून पाण्याची वेळ नसताना गटाराचं पाणी आत शिरतं, हेही लक्षात ठेवावं. लाईन रिकामी असली की बाहेरची ओल आत ओढली जाते. रोजचं पहिलं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल, तर संपादकांना पत्र नंतर, आधी प्लंबर आणि विभाग कार्यालय.

मूळ उदाहरणाकडे येऊ. दोष व्हॉल्व्हच्या वेळेत आहे हे नक्की झालं. तरी लगेच संपादकांना लिहू नये. महापालिकेच्या 1916 या मदतवाहिनीवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. विभाग कार्यालयातल्या जलकामे सहाय्यक अभियंत्यांना नोंदींच्या प्रतीसह पत्र द्यावं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. मग आठ-दहा दिवस थांबावं. हा नुसता उपचार नाही. बऱ्याच वेळा काम इथेच होतं, आणि नाही झालं तर क्रमांक आणि शिक्का यांच्यामुळे पत्रातलं 'वारंवार तक्रार करूनही' हे वाक्य तारखेसह लिहिता येतं. संपादकालाही ते छापताना खात्री वाटते.

मग पत्र, हे असं:

'मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या 48 सदनिकांच्या वसाहतीत पाण्याची वेळ पहाटे 5.30 ते 8 आहे. गेल्या दोन आठवड्यांत 14 पैकी 6 दिवस पाणी तासभर किंवा त्याहून अधिक उशिरा सुरू झाले आणि 8 वाजता नेहमीप्रमाणे बंद झाले. इतर दिवशी मीटरवर सुमारे 32 युनिट पाणी येते, या 6 दिवशी 12 ते 16 युनिट आले. शेजारच्या तीन इमारतींतही हीच स्थिती आहे. पाण्याचा दाब पुरेसा आहे, अडचण व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळेची आहे. 1916 वर तक्रार नोंदवली असून विभाग कार्यालयाला नोंदींसह पत्र दिले आहे. दहा दिवसांत उत्तर आलेले नाही. ज्या दिवशी पाणी उशिरा सुटेल, त्या दिवशी ते तेवढाच वेळ जास्त द्यावे आणि आमच्या विभागाच्या पाण्याच्या वेळा महापालिकेने जाहीर कराव्यात, ही विनंती.

सचिव, गृहनिर्माण संस्था'

पत्र शंभर शब्दांच्या आसपास आहे. याहून लांब पत्र कापलं जातं, आणि ते शेवटाकडून कापलं जातं. म्हणून वेळ, दिवसांची संख्या आणि युनिट पहिल्या तीन वाक्यांत आले आहेत. गल्लीचं आणि विभागाचं नाव, तक्रारीचा क्रमांक आणि तारीख मूळ पत्रात घालायचीच. सचिवाचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोनही खाली लिहावा, छापण्यासाठी नव्हे तर संपादकीय विभागाला पडताळणी करता यावी म्हणून. वहीतली नोंद सोबत जोडावी, पत्रात कोंबू नये. आणि एका वेळी एकाच दैनिकाला पाठवावं. दोन ठिकाणी तेच पत्र आलेलं दिसलं की पुढच्या वेळी आपलं पत्र बाजूला पडतं.

या पत्रात तलावांचं नाव नाही, ते मुद्दाम. शहरभर 10 टक्के कपात असेल तर 32 युनिटांचे 29 होतात आणि ते रोज होतात. एका दिवशी 32 आणि दुसऱ्या दिवशी 14 हे कुठल्याही कपातीने होत नाही. पत्रलेखकाने स्वतःच 'भीषण पाणीटंचाई' असा शब्द वापरला, की कपातीचं उत्तर द्यायची वाट त्याने मोकळी करून दिली. चावीवाल्यावरही आरोप नाही. 'चावीवाला पैसे घेऊन दुसऱ्या गल्लीत पाणी सोडतो' हे वाक्य अशा पत्रांत पुष्कळदा असतं. पुरावा नसताना संपादक ते छापणार नाही, आणि छापलंच तर चौकशी माणसाची होईल, वेळापत्रक तसंच राहील. त्याच्या फेरीत किती व्हॉल्व्ह आहेत आणि दोन व्हॉल्व्हमध्ये त्याला किती अवधी मिळतो, हे त्याच्या हातात नसतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आकड्यांनी पत्र कोरडं होतं, लोकांचे हाल दिसले पाहिजेत, तरच कोणी तरी हलेल. या म्हणण्यात तथ्य आहे. सकाळी सात वाजता डबा करायचा असताना कोरडा नळ म्हणजे काय, हे ज्या बाईने भोगलंय तिला युनिटांच्या भाषेत बोला असं सांगणं मलाही जड जातं. पण हाल आकड्यातूनही दिसतात. शुक्रवारी 12 युनिट आले, म्हणजे 20,400 लिटर कमी पडले, म्हणजे 10,000 लिटरचे दोन टँकर. 'त्या दिवशी आम्हाला दोन टँकर विकत घ्यावे लागतात' हे वाक्य 'अतोनात हाल' पेक्षा जास्त बोलतं आणि जागाही तेवढीच घेतं. खरोखर टँकर घेतले असतील तर ते जरूर घालावं.

माझा खरा आग्रह पत्रातल्या शेवटच्या मागणीसाठी आहे. कुठल्या झोनला किती वाजता पाणी सुटायचं हे ठरलेलं असतं, त्याशिवाय फेरी चालूच शकत नाही. पण ते ठरलेलं आपल्या वसाहतीबाबत नेमकं काय आहे, हे रहिवाशाला सवयीने ठाऊक असतं, कागदावर नाही. त्यामुळे वेळ चुकली असं सिद्ध करायला त्याच्याकडे आधारच नसतो. प्रत्येक झोनची सुरू आणि बंद होण्याची वेळ, आणि त्या दिवशी प्रत्यक्षात व्हॉल्व्ह कधी उघडला ती वेळ, दोन्ही जाहीर व्हायला हव्यात. यासाठी नवीन धरण लागत नाही. तोपर्यंत माहिती अधिकार कायदा, 2005 आहे. 10 रुपये शुल्क भरून विभाग कार्यालयात अर्ज द्यायचा आणि दोनच गोष्टी मागायच्या: आमच्या झोनचं मंजूर वेळापत्रक आणि अमुक चौदा दिवसांची व्हॉल्व्ह उघडल्याची नोंद. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. नोंद ठेवली जात नाही असं लेखी आलं, तर तो दुसऱ्या पत्राचा विषय झाला.

लहान पत्राची मर्यादाही सांगायला हवी. व्हॉल्व्हची वेळ, बुजलेली जाळी, दिसणारी गळती, बेकायदा मोटर, एवढी कामं पत्राने हलतात. टेकडीवर वसलेल्या वसाहतीला दाब पुरत नसेल, किंवा चाळींच्या जागी टॉवर उभे राहून जुन्याच लाईनवर चौपट घरं आली असतील, तर ते एका पत्राचं काम नाही. तिथे मोठी लाईन किंवा पंपिंग लागतं, अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि त्यासाठी गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांनी एकत्र येऊन मीटरच्या नोंदी जोडून मागणी करावी लागते. नोंदींची वही तेव्हाही हीच लागते.

पत्र छापून आलं आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडू लागला, तरी वही आणखी महिनाभर चालू ठेवावी. पहिले आठ-दहा दिवस वेळ पाळली जाते. मग एखाद्या गुरुवारी धार 5.50 ला पडते, पुढच्या आठवड्यात 6.10 ला. वीस मिनिटांनी नळ कोरडा पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या ते लक्षात येत नाही. मीटरवर मात्र त्या दिवशी चार युनिट कमी पडलेले असतात. विभाग कार्यालयात फोन करायचा तो त्याच दिवशी.